घुमणारा आवाज व वाऱ्याची घरघर (ध्वनिमुद्रणातील)

मोठ्या सभागृहात किंवा उघड्यावर मुद्रित केलेल्या भाषणातून भिंतींवरून परतलेला आवाज आणि माईकवर आदळलेल्या वाऱ्याची घरघर कमी करण्याची प्रक्रिया. दोन्ही दोष एकाच फाईलमध्ये सापडतात, म्हणून त्यांना सरसकट ‘नॉइज’ म्हटले जाते आणि एकच उपाय केला जातो. शांत जागेचा नमुना घ्यायचा आणि तो सगळ्या फाईलमधून वजा करायचा, असा तो उपाय. पंख्याची घूं-घूं किंवा जनरेटरचा आवाज त्याने चांगला जातो, कारण हे आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे असतात. वारा तसा नसतो, दर झुळुकीला बदलतो. आणि घुमणारा आवाज हा वक्त्याचाच आवाज असतो. त्याचा वेगळा नमुना मिळतच नाही.

साताऱ्याकडच्या एका मंगल कार्यालयातील शेतकरी मेळाव्याचे उदाहरण घेऊ. सभागृह ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच, खाली फरशी, चारी बाजूंना रंगवलेल्या भिंती. फोन पहिल्या रांगांमध्ये, व्यासपीठाजवळच्या स्पीकरपासून ८ मीटरवर ठेवलेला. घरी ऐकताना एक वाक्य अडले. वक्ता ‘कर्ज वाढतं’ म्हणाला की ‘खर्च वाढतो’, ते कळेना. ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक म्हणजे ‘ख’नंतरचा श्वासाचा छोटासा फुत्कार. आधीच्या शब्दातला जोरकस स्वर अजून सभागृहात फिरत असतो, त्याच्याखाली हा फुत्कार गाडला जातो. आवाज घुमला की स्वर टिकतात आणि व्यंजने बुडतात, म्हणून भाषण मोठ्याने ऐकू येते पण समजत नाही.

सभागृह किती घुमते हे मोजायला वॉलेस सॅबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचे सूत्र वापरतात. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ त्यातून निघतो.

```
T = 0.161 × V / A
```

V म्हणजे घनफळ, इथे ३,२४० घनमीटर. A म्हणजे सगळे पृष्ठभाग व माणसे मिळून आवाज किती शोषतात ते, चौरस मीटरमध्ये. रिकाम्या अवस्थेत A सुमारे १३० धरले तर T जवळजवळ ४ सेकंद येतो. चारशे माणसे बसली की त्यांच्या अंगावरचे कपडेच बरेचसे शोषून घेतात, A ३१० च्या आसपास जातो आणि T १.७ सेकंदांवर उतरतो. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून ‘इथे रेकॉर्डिंग होणारच नाही’ असा निकाल देऊ नये, तो याचसाठी.

हाच वेळ फाईलमधूनही काढता येतो. भाषणात जोरकस स्वरानंतर एकदम तोंड बंद होऊन विराम आलेली जागा शोधावी. या भाषणात ‘आधी पाणी, मग पीक’ म्हणून वक्ता थांबला होता. ‘पीक’मधला स्वर ‘क’ने कापला जातो, त्यामुळे पुढे दिसते ती शेपटी केवळ सभागृहाची. ती २० डेसिबल उतरायला ०.५५ सेकंद लागले, त्याची तिप्पट १.६५. शेवटच्या ‘धन्यवाद’वर हे मोजू नये, तिथे लगेच टाळ्या पडतात.

आता अंतराचा प्रश्न. आवाज सगळीकडे सारखा पसरतो असे धरले, तर या सभागृहात स्पीकरपासून सुमारे अडीच मीटरवर थेट आवाज आणि घुमलेला आवाज समान होतात. ८ मीटरवर घुमलेल्या आवाजाची ऊर्जा थेट आवाजाच्या दहापट असते. माईक वक्त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असता तर पुढची बहुतेक मेहनत लागलीच नसती.

झालेल्या मुद्रणावर चालणारी भरवशाची पद्धत ‘डब्ल्यूपीई’ नावाने ओळखली जाते. पायथॉनमधले `nara_wpe` हे तिचे मोफत साधन. आवाजाचे अनेक स्वरपट्ट्यांत तुकडे करायचे आणि प्रत्येक पट्टीत, आताच्या क्षणाचा किती भाग काही क्षणांपूर्वीच्या आवाजावरून वर्तवता येतो ते काढायचे. वर्तवता आलेला भाग म्हणजे भिंतींवरून आलेली पुनरावृत्ती, तो वजा होतो. माणसाचे नवे बोलणे असे वर्तवता येत नाही, म्हणून ते उरते. ताजे २०–३० मिलिसेकंद मुद्दाम वगळतात, नाहीतर एकाच स्वराचा चालू भागही पुनरावृत्ती समजून खाल्ला जातो.

मागे किती दूर पाहायचे हे सभागृहावर ठरते. इथे मागच्या भिंतीवरून येणारा आवाज ५२ मीटर चालून फोनपर्यंत पोचतो आणि थेट आवाज ८ मीटर. फरक ४४ मीटरचा, म्हणजे सुमारे १२८ मिलिसेकंद. पद्धत फक्त ८० मिलिसेकंद मागे पाहत असेल तर बाकीचे घुमणे कमी होईल, पण मागच्या भिंतीचा ठोका तसाच ऐकू येईल. तो ऐकू आला की मागे पाहण्याची मर्यादा वाढवावी.

ही पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. परतलेला आवाज मूळ आवाजाशी साध्या प्रमाणात बांधलेला असला पाहिजे. फोनचे आपोआप आवाज कमी-जास्त करणे, आधी चालवलेले नॉइज रिडक्शन किंवा मेसेजिंग ॲपवर व्हॉइस म्हणून पाठवताना होणारे आकुंचन हे बंधन बिघडवते. माझ्याकडे येणाऱ्या फाईलींपैकी सर्वांत जास्त अशाच वाया जातात. म्हणून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागावी, आणि नमुना वजा करायचाच असेल तर तो शेवटी.

वाऱ्याची गोष्ट वेगळी. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर घेतलेल्या मुलाखतीत जी भसभस येते, ती दुरून चालत आलेला आवाज नसते. माईकच्या तोंडाशी हवा भोवरे घेते आणि त्या दाबाने पडदा हलतो, म्हणजे घरघर तिथेच तयार होते. म्हणून शेजारी उभ्या माणसाला ती ऐकू येत नाही आणि फाईलमध्ये मात्र सगळे झाकून टाकते. तिची बहुतेक ऊर्जा २०० हर्ट्झच्या खाली असते, त्यामुळे पहिला उपाय सोपा आहे. ffmpeg या मोफत साधनाने ११० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळायचा.

```
ffmpeg -i mulakhat.wav -af "highpass=f=110,highpass=f=110" saaf.wav
```

पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा याच सीमेच्या आसपास असतो, तरी बोलणे ओळखता येते. वरच्या पटींवरून कान खालचा सूर भरून काढतो. एकाच गाळणीने उतार हळू पडतो, म्हणून ती दोनदा लावली आहे. दोन माईकांची स्टिरिओ फाईल असेल तर आणखी एक सोय मिळते. बोलणे दोन्हीकडे जवळजवळ सारखे असते, पण भोवरे प्रत्येक माईकवर आपापले. जोराच्या झुळुकीत जी बाजू कमी भसभसते ती त्या दोन-तीन सेकंदांपुरती घ्यावी.

मात्र झुळुकीने आवाजाची पातळी माथ्याला लागली असेल, तर त्या क्षणातले बोलणे गेले. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये असे माथे सपाट कापलेले दिसतात. गाळणीने घरघर जाते आणि मागे तडतड उरते, शब्द परत येत नाही. फोम किंवा केसाळ कव्हर, आणि मुद्रण करताना वाऱ्याकडे पाठ, हे त्यावरचे उपाय. ते नंतर करता येत नाहीत.

मैदानातल्या मंडपात दोन्ही दोष असतील तर आधी वारा काढावा, मग घुमणे. वाऱ्याची ऊर्जा वर्तवण्याचे गणित बिघडवते आणि साधी गाळणी वरचे बंधन मोडत नाही. शेवटी घुमणे काढण्याआधीच्या फाईलमधून साफ फाईल वजा करून जे काढून टाकले ते ऐकावे. त्यात पसरट, अस्पष्ट बोलणे असणे ठीक. पण ‘ट’, ‘क’, ‘च’ स्वच्छ ऐकू आले तर भाषणच कापले गेले आहे. अति झाल्याची दुसरी खूण म्हणजे माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. अशा वेळी मूळ आवाज पाव भाग परत मिसळला की कानाला बरे वाटते.

मंगल कार्यालयाच्या त्या फाईलमध्ये मागे पाहण्याची मर्यादा १६० मिलिसेकंद केल्यावर ‘ख’चा फुत्कार वर आला. वक्ता ‘खर्च’च म्हणाला होता.