आधी आलेला डबा की आधी संपणारा? श्रीखंडाच्या स्टॉक लिस्टचं गणित

"जो माल आधी आला तो आधी विकायचा" हा नियम आपल्याकडे किराणावाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे सांगतात, त्याला फिफो म्हणतात, आणि साबण, झाडू, वह्यांसाठी तो ठीकच आहे. पण नासणाऱ्या मालाला माल दुकानात कधी आला याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो कधी तयार झाला आणि किती दिवस टिकणार एवढंच त्याला ठाऊक. म्हणून तिथे नियम वेगळा, ज्याची एक्स्पायरी आधी तो आधी बाहेर, म्हणजे फेफो.

आता कुणी म्हणेल आधी आलेल्याचीच एक्स्पायरी आधी असणार की. बऱ्याचदा असते, आणि तिथेच माणूस फसतो. सोलापुरातल्या एका डेअरीवाल्याकडचा प्रकार घेऊ, आकडे मी हिशेबाला सोपे केलेत. गुढीपाडव्याला श्रीखंडाची मागणी तुफान, डेपोत त्यासाठी भरून ठेवलेला माल पाडव्यानंतर उरतो, आणि मग ताजा माल दुकानात पोचल्यावर मागाहून तो जुना माल येतो. १० एप्रिलला फ्रीजमध्ये अर्धा किलोचे डबे असे होते:

| आला | एक्स्पायरी | शेवटची विक्री | शिल्लक |
|---|---|---|---|
| ६ एप्रिल | २८ एप्रिल | २५ एप्रिल | ४८ |
| २ एप्रिल | १२ मे | ९ मे | ३० |
| ९ एप्रिल | २० मे | १७ मे | ३६ |

"शेवटची विक्री" ही एक्स्पायरीच्या ३ दिवस आधीची तारीख, कारण गिऱ्हाईक डबा घरी नेऊन लगेच संपवत नाही. आणि एक बघा, एका मालाची एकच ओळ "श्रीखंड - ११४ डबे" अशी नाहीये, प्रत्येक बॅचला वेगळी ओळ आहे. ११४ असं एकत्र लिहिलं की फेफो तिथंच मेला, कारण कुठला डबा आधी काढायचा हे त्या आकड्यात कुठेच नाही.

रोज ४ डबे खपतात असं धरा. फिफोने गेलात तर आधी २ एप्रिलचे ३० जाणार. आजपासून २५ एप्रिलपर्यंत आज धरून १६ दिवस, म्हणजे ६४ डबे विकले जाणार, त्यातले ३० त्या बॅचचे, उरलेले ३४ शॉर्ट एक्स्पायरीचे. ४८ मधले १४ डबे पडून राहिले. फेफोने गेलात तर ४८ डबे १२ दिवसांत, २१ एप्रिलला संपतात, मग ३०, मग ३६, आणि ८ मेला फ्रीज रिकामा. माल तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त क्रम बदलला आणि १४ डबे वाचले!

पण मला खरी आवडते ती यापुढची गोष्ट. यादी एक्स्पायरीप्रमाणे लावली आणि ७ दिवस उरले की ओळ लाल केली, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. माझ्या मते ती लाल ओळ फार उशिरा येते. विचारायला पाहिजे ते हे की या बॅचपर्यंतचा सगळा माल तिच्या शेवटच्या विक्रीच्या दिवसापर्यंत खपेल का. फेफोत एखाद्या बॅचचा नंबर तिच्या आधी संपणाऱ्या सगळ्या बॅच गेल्यावरच लागतो, म्हणून तिच्यापर्यंतची बेरीज घ्यायची. शीटमध्ये A माल, C एक्स्पायरी, D शिल्लक, E शेवटची विक्री, G रोजचा खप असेल, तर F मध्ये बेरीज आणि H मध्ये उरणारा माल असा येतो:

```
F2: =SUMIFS(D:D,A:A,A2,C:C,"<="&C2)
H2: =MAX(0,F2-G2*(E2-TODAY()+1))
```

खप ४ असेल तर १० एप्रिलला H मध्ये तिन्ही ओळींत शून्य. आता खप २ वर आला समजा. पहिल्या ओळीत ४८ वजा ३२, म्हणजे १६ उरणार. दुसरीत बेरीज ७८, ९ मेपर्यंत ३० दिवस, खप ६०, H दाखवतो १८. घाबरू नका (इथं डोकं थोडं गरगरतं, मला माहितीये), या १८ मधले १६ पहिल्याच बॅचचे पुन्हा मोजलेत, ते तर आधीच फेकलेले असणार, म्हणून दुसऱ्या बॅचचे खरे उरणारे फक्त २. तिसरीत H ३८, वरचे १८ वजा केले की २०. म्हणजे H असा खाली वाढत जात असेल तर शेवटच्या ओळीचा H हा एकूण तोटा आणि दोन ओळींमधला फरक हा त्या त्या बॅचचा तोटा. मुद्दा असा की हे १० एप्रिललाच कळतं, ७ दिवसवाली ओळ २१ तारखेशिवाय लाल होत नाही. हातात दोन आठवडे असताना डेपोला परत घ्या म्हणता येतं, दोनावर सूट लावता येते. क्रम लावून खप वाढत नाही, हीच फेफोची मर्यादा.

आणि रोजचा खप काढताना पाडव्याचा आठवडा सरासरीत घेतला तर सगळं गणित खोटं पडतं, खप फुगतो, H मध्ये शून्य दिसतं आणि माल मात्र पडून. साधे दोन आठवडे धरा.

तारखांची एक भानगड आहे. कुणी शीटमध्ये 28.04.25 असं टाइप करतं आणि एक्सेल ते तारीख म्हणून घेतच नाही, मग सॉर्ट पण चुकतो आणि वरची बेरीज पण. नुसतं बघून बऱ्याचदा ओळखता येतं, अलाइनमेंटला हात लावलेला नसेल तर खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. रिकामा खाना त्याहून वाईट, सॉर्ट केल्यावर तो सगळ्यात खाली जातो, म्हणजे ज्याची तारीखच माहीत नाही तो माल सगळ्यात शेवटी विकायचा असं यादी सांगते. असा माल यादीत घ्यायच्या आधी बाजूला काढा आणि डब्यावरचं छापील बघा.

"वास येत नाही ना, मग चांगलंच आहे" हे आपल्याकडे भलतंच चालतं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या ४ अंशांतही वाढतो आणि त्याचा वास वगैरे काही येत नाही. उलट बाजूही आहे, डब्यावरची तारीख फ्रीज चालू आहे असं गृहीत धरून छापलेली असते, सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात दुपारभर लाईट गेली तर त्या तारखेला अर्थ राहत नाही. अशा बॅचसमोर "होल्ड" लिहा आणि तिची शिल्लक बेरजेतून वगळा.

दुकानदारांना सॉफ्टवेअरवाले सांगतात, स्कॅन करा, फेफो आपोआप होईल. नेहमीच्या बारकोडमध्ये फक्त मालाचा नंबर असतो हो, बॅच आणि एक्स्पायरी त्यात नसते! बिलाला स्कॅन केलं की सॉफ्टवेअर आपलं २८ एप्रिलच्या बॅचमधून एक वजा करतं, पण गिऱ्हाईकाने मागे हात घालून २० मेचा डबा उचललेला असतो. यादी म्हणते जुनी बॅच संपली, फ्रीजमध्ये ती तशीच बसलेली. म्हणून नवीन माल मागे आणि जुना पुढे लावायचा, आणि आठवड्यातून एकदा जिथे शिल्लक शून्य किंवा शून्याच्या जवळ दिसते त्याच बॅच फ्रीजमध्ये शोधायच्या. शून्य दाखवणाऱ्या बॅचचे चार डबे हाताला लागले तर तेवढे नंतरच्या बॅचमधून वजा करून इकडे टाका, आणि H पुन्हा बघा.