घरच्या साखरेची नोंद: तक्ता कसा भरावा आणि फोन कधी करावा

आमच्या दुकानातून ग्लुकोमीटर किंवा स्ट्रिप घेणाऱ्या प्रत्येकाला या पत्रकासोबत महिनाभराचा एक तक्ता दिला जातो. त्यात तारीख, वेळ, आकडा, कधी तपासली (उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर) आणि शेरा असे रकाने आहेत. यातला शेरा हा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आकडा किती असावा

तक्त्याच्या वर एक मोकळी चौकट आहे. तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले आकडे तिथे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ते होईपर्यंत मधुमेह असलेल्या सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी ही मर्यादा धरून चाला: उपाशीपोटी किंवा जेवणाआधी 80 ते 130, आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी 180 च्या आत. दोन तास जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून मोजायचे. सावकाश जेवणाऱ्यांच्या नोंदीत यामुळे बराच फरक पडतो.

ही मर्यादा सगळ्यांना सारखी लागू नाही. वय जास्त आहे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, घरात एकटे राहतात, अशांसाठी डॉक्टर मुद्दाम थोडी ढिली मर्यादा ठेवतात, कारण त्यांच्या बाबतीत साखर एकदम उतरणे हा जास्त मोठा धोका असतो. याउलट गरोदरपणात मर्यादा कडक असते: उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत. गरोदर बाईने 130 पाहून 'ठीक आहे' म्हणू नये. आठवड्यात दोन-तीनदा आकडा या मर्यादेवर गेला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

परदेशातून मुलांनी आणलेला मीटर वापरत असाल तर पडद्यावर आकड्याशेजारी काय लिहिले आहे ते आधी पाहा. आपल्याकडे mg/dL वापरतात. काही देशांतले मीटर mmol/L मध्ये दाखवतात. तिथे 7.0 दिसले तर घाबरून साखर खायची नाही, त्याला 18 ने गुणायचे. ते आपले 126 झाले.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे

नमुना म्हणून एक काल्पनिक पान पाहू. काकूंचे वय 62, सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनची गोळी. संकष्टीच्या आसपासचे तीन दिवस असे दिसतात:

| दिवस | वेळ | आकडा | शेरा |
|---|---|---|---|
| बुधवार | सकाळी 7, उपाशीपोटी | 124 | |
| बुधवार | दुपारच्या जेवणानंतर 2 तास | 172 | |
| गुरुवार | संध्याकाळी 5 | 63 | संकष्टी. सकाळी गोळी घेतली, नंतर फक्त चहा आणि एक केळे. हात थरथरले, घाम आला. 3 चमचे साखर पाण्यातून घेतली. |
| गुरुवार | संध्याकाळी 5.15 | 82 | बरे वाटले. दूध आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. |
| गुरुवार | रात्री 11.30 | 238 | चंद्रोदयानंतर उपवास सोडला, पोटभर जेवण, दोन मोदक. |
| शुक्रवार | सकाळी 7, उपाशीपोटी | 171 | |

आता शेऱ्याचा रकाना हाताने झाका आणि पुन्हा वाचा. काकूंनी पाचची नोंदही केली नसती, तर डॉक्टरांपुढे 238 आणि 171 हे दोनच मोठे आकडे राहिले असते आणि गोळी वाढवावी असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात त्याच गोळीने उपाशीपोटी साखर 63 पर्यंत खाली नेली होती. डोस वाढला असता तर पुढच्या संकष्टीला काय झाले असते, ते सांगायला नको. पूर्ण शेरा वाचून डॉक्टर वेगळाच निर्णय घेतील: उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची आणि उपवासात काय खायचे.

म्हणून शेऱ्यात चार गोष्टी लिहा: नेहमीपेक्षा वेगळे खाणे किंवा उपवास, चुकलेली किंवा उशिरा घेतलेली गोळी अथवा इन्सुलिन, ताप-जुलाब किंवा दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले नवे औषध, आणि जाणवलेला त्रास. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू झाले असेल तर ते हमखास लिहा. स्टेरॉइडने साखर वाढते, बहुधा दुपारनंतर जास्त, आणि सकाळचा उपाशीपोटीचा आकडा मात्र चांगला दिसू शकतो.

दररोज चार-चार वेळा बोट टोचण्याची गरज सगळ्यांना नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टर सांगतील तसे तपासावे. फक्त गोळ्यांवर असाल आणि साखर स्थिर असेल, तर जोडीने तपासणे पुरते: एका दिवशी नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी, दोन-तीन दिवसांनी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, मग रात्रीच्या. या जोडीतला फरक सांगतो की कोणते जेवण साखर चढवते. फक्त उपाशीपोटीचा आकडा रोज लिहून हे कधीच कळत नाही, आणि स्ट्रिपही जास्त लागतात.

आकडा पटत नसेल तर

आधी हात साबणाने धुऊन नीट पुसा आणि दुसऱ्या स्ट्रिपवर पुन्हा तपासा. आंबा कापल्यावर किंवा लाडू वळल्यावर बोटावर राहिलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा बराच वर दाखवते. नुसत्या सॅनिटायझरने ती निघत नाही. ओल्या बोटाने उलट होते, थेंब पातळ होऊन आकडा कमी येऊ शकतो. बोट दाबून-दाबून थेंब काढू नका. हात खाली सोडून जरा चोळा आणि बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखतेही कमी.

पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर स्ट्रिपला दमट हवा लागते आणि आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. डबी फ्रिजमध्ये ठेवू नका, स्ट्रिप दुसऱ्या डबीत काढू नका, आणि पहिल्यांदा उघडली ती तारीख पेनने डबीवर लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेले असते. अंगात रक्त कमी असेल तर काही मीटर साखर जास्त दाखवतात, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा.

लॅबच्या रिपोर्टशी घरचा आकडा तंतोतंत जुळणार नाही. लॅबमध्ये 150 असेल तर चांगल्या मीटरवर साधारण 128 ते 172 दरम्यान काहीही येऊ शकते आणि तो मीटरचा दोष नाही. म्हणून 10-15 च्या फरकावरून मनाने औषध बदलू नका.

साखर कमी: आधी खा, मग फोन

70 च्या खाली आकडा म्हणजे लगेच उपाय. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा अर्धा कप गोड फळांचा रस. पेढा, बर्फी, बिस्किट, चॉकलेट यांतली चरबी साखर चढायला उशीर करते, तेव्हा ते या वेळी नको. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्या. 70 च्या वर आल्यावर आणि पुढचे जेवण तासाभरात नसेल तर पोळी, दूध-केळे असे काही खा, नाहीतर साखर पुन्हा घसरते. चुकीची स्ट्रिप असेल असे वाटून वेळ घालवू नका. दरदरून घाम, थरथर, धडधड, जीभ जड होणे अशी लक्षणे असतील आणि मीटर हाताशी नसेल तरी साखर घ्या.

तुमच्या गोळीत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. ही औषधे साध्या साखरेचे आतड्यात पचन लांबवतात. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. गोळीचे पाकीट दुकानात दाखवा, आम्ही तक्त्यावर तसे लिहून देतो.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, जर आकडा 54 च्या खाली गेला, दोनदा साखर घेऊनही 70 च्या वर आला नाही, किंवा आठवड्यात दुसऱ्यांदा 70 च्या खाली गेला. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड अशा गोळ्यांवर असाल तर एकदा कमी झाली तरी कळवा. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या रात्री माणसाला एकटे झोपू देऊ नका. पहाटे घामाने उशी भिजत असेल किंवा सकाळी डोके जड असेल तर एखाद्या रात्री 3 वाजता तपासून लिहा.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरेचे पाणीसुद्धा नाही, ते फुप्फुसात जाते. कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा.

साखर जास्त: कोणता आकडा थांबू शकतो, कोणता नाही

जेवणानंतर एकदा 210 आले म्हणून रात्री फोन करू नका. शेरा लिहा आणि पुढचे आकडे पाहा. आठवडाभर बहुतेक आकडे मर्यादेच्या वर असतील तर दवाखान्याच्या वेळेत फोन करून भेट ठरवा.

250 च्या वरचा आकडा काही तासांच्या अंतराने दोनदा आला तर त्याच दिवशी कळवा. हात धुऊन पुन्हा तपासल्यावरही 300 च्या वर असेल तर लगेच कळवा. टाईप 1 मधुमेहात 250 च्या वर गेल्यास लघवीतले कीटोन तपासा. त्याच्या पट्ट्या दुकानात मिळतात.

उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जलद श्वास, गुंगी किंवा बरळणे यांपैकी काही साखर वाढलेली असताना दिसले, तर फोनवर वाट पाहत बसू नका, रुग्णालयात न्या. मीटरवर HI दिसले तर तो 'हाय' आहे, साखर मीटरच्या मोजमापाच्या पलीकडे गेली आहे. हात धुऊन नवी स्ट्रिप लावा. पुन्हा HI आले तर रुग्णालय. LO दिसले तर मात्र पुन्हा तपासत बसू नका, शुद्धीत असलेल्या माणसाला आधी साखर द्या.

एक अपवाद जपून वाचा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल, धाप लागत असेल, तर मीटरवर 190 दिसत असले तरी डॉक्टरांना तातडीने कळवा आणि गोळीचे नाव सांगा. या औषधांवर साखर फारशी न वाढताही रक्तातले आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते.

आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करू नये. आजारात साखर जेवणाशिवायही वाढते. किती घ्यायचे ते फोन करून विचारा. डोस सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, दुकानात विचारलेत तरी आम्ही तो सांगणार नाही. मात्र मीटर चालत नसेल, तक्ता कळत नसेल किंवा आकडा कोणत्या गटात बसतो असा प्रश्न असेल तर पत्रकामागच्या नंबरवर दुकानाच्या वेळेत जरूर फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना तक्त्यासोबत मीटरही न्या. घरी नेल्यावर त्याची तारीख आणि वेळ बरोबर लावलेली आहे का, ते आजच पाहून घ्या. सेल बदलल्यावर काही मीटरांचे घड्याळ मागे जाते आणि आठवणीतल्या नोंदी चुकीच्या वेळेच्या दिसतात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागता कामा नयेत.