पॅनलसमोरची गंमत आणि पहिल्या दिवसाची गंमत

मुलाखतीच्या तयारीला बसलेली आपल्याकडची पोरं हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, वातावरण हलकं करायला सुरुवातीला काही बोलू का?" नोकरी लागली की हाच प्रश्न पुन्हा येतो, या वेळी ऑफिसच्या पहिल्या दिवसासाठी. दोन्हीकडे समोर अनोळखी माणसं, दोन्हीकडे घशाला कोरड. त्यामुळे पॅनलसमोर जमलेलं वाक्यच पहिल्या दिवशीही चालेल, असं वाटतं. ते चालत नाही.

आधी पॅनल. तिथे बोलायची सुरुवात तुमची नसते. प्रश्न त्यांचा, वेळ त्यांची, आणि समोरच्या कागदावर गुणांचा रकाना. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या बँकांच्या पीओ भरतीत मुलाखत 100 गुणांची असते आणि अंतिम यादीत तिचं वजन 20 टक्के धरतात. म्हणजे तिथली गंमतसुद्धा तपासली जाते. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःहून टाकलेला विनोद बहुतेक वेळा पडतोच. त्याला विचारलंय कोणी? पॅनलसमोरची गंमत उत्तराच्या पोटातून यावी लागते.

एक उदाहरण घेऊ. यावल तालुक्यातल्या फैजपूरची मुलगी, एका सहकारी बँकेच्या पदासाठी नाशिकला मुलाखत. अर्जावर नजर टाकून अध्यक्ष विचारतात, "फैजपूर कशासाठी प्रसिद्ध?" ती म्हणते, "सर, इतिहासाच्या पुस्तकात 1936 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, बाजारात केळीसाठी, आणि पाहुण्यांमध्ये उन्हासाठी." एवढं बोलून ती हसण्याची वाट बघत थांबत नाही. "खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष होते. आणि आजचं म्हणाल तर आमच्याकडचं निम्मं बोलणं केळीचा भाव आणि पीककर्ज यावरच चालतं."

या उत्तरात क्रम बघा. दोन पक्क्या गोष्टी आधी, तिसरी हलकी, आणि लगेच पुन्हा कामाची माहिती. शेवटी पीककर्जाचा शब्द सोडून तिने पुढचा प्रश्नही आपल्या अंगणात आणून ठेवला. आता क्रम उलटा करा: "सर, फैजपूर उन्हासाठी प्रसिद्ध!" आणि मग शांतता. शब्द तेच, पण आता ऐकू येतं ते असं की हिला बाकी काही माहीत नाही.

असं का होतं, याचा अंदाज 1966 सालच्या एका प्रयोगातून येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या उमेदवाराची ध्वनिफीत ऐकवली. एका फितीतला उमेदवार जवळपास सगळी उत्तरं बरोबर देणारा, दुसरीतला बेताचा. काही फितींमध्ये उमेदवार शेवटी स्वतःच्या अंगावर कॉफी सांडतो. हुशार उमेदवाराने सांडली तेव्हा तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. बेताच्या उमेदवाराने सांडली तेव्हा तो होता त्यापेक्षाही उतरला. स्वतःवरच्या विनोदालाही हाच हिशेब लावावा, असं माझं मत आहे. आधी दोन-तीन उत्तरं ठणठणीत गेली असतील, तर "तोंडी हिशेबात मी अजून बाबांच्या मागे आहे" हे गोड वाटतं. पहिल्याच मिनिटाला तेच म्हणालात, तर रकान्यात ते शब्दशः उतरतं. त्यातही ज्या कामासाठी बसलोय त्याच कामातलं आपलं अडाणीपण विनोदाला घेऊ नये. बँकेच्या मुलाखतीत हिशेबाऐवजी ऊन बरं.

पॅनलसमोर गंमत लागू पडली की नाही, हे हसण्यावरून ठरवू नका. अनुभवी पॅनल फारसं हसत नाही. पुढचा प्रश्न तुमच्याच वाक्याचा धागा धरून आला, तर काम झालं. नजर कागदावर गेली आणि विषय बदलला, तर उरलेल्या वेळात सरळ उत्तरं द्यावीत. पडलेला विनोद समजावून सांगणं हे पडण्यापेक्षा वाईट.

आता हीच मुलगी निवडली गेली आणि धुळ्याच्या शाखेत रुजू झाली. सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून ओळख करून दिली. तिने तेच तीन पदरी वाक्य पुन्हा टाकलं. लोक कसनुसे हसले आणि आपापल्या टेबलाला लागले. चुकलं काय? वाक्य छानच होतं, पण पूर्ण होतं. त्यात दुसऱ्याला बोलायला जागाच नव्हती. शिवाय धुळ्याच्या माणसाला ऊन काय सांगायचं!

पहिल्या दिवशी गुण देणारं कोणी नसतं. समोरच्यांना एकच बघायचं असतं: ही आपल्यात बसेल का? त्यामुळे तिथली गंमत अर्धी सोडायची असते, उरलेली समोरच्याने पुरी करावी अशी. "मी फैजपूरची. भरीत आमच्याकडेच खरं होतं, असं ऐकत मोठी झाले. इथे ते बोलायची परवानगी आहे का?" एवढं म्हटलं की काउंटरवरचे आप्पा गप्प बसणं शक्य नाही. "ताई, हिवाळा येऊ द्या, मग दाखवतो," असं उत्तर येईल, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची की गॅसवर यावरून दोघांत जुंपेल, कोणी कळण्याच्या भाकरीचा विषय काढेल. ती स्वतः फक्त एक वाक्य बोलली, आणि गंमत त्या सगळ्यांची झाली. पॅनलसमोर मात्र "परवानगी आहे का?" हा प्रश्न आगाऊपणा ठरला असता.

पहिल्या दिवशी एक सापळा हमखास असतो. शाखेतले सगळे सर्व्हरच्या नावाने, जुन्या पंख्याच्या नावाने हसत असतात. आपणही त्यात एक टोला हाणावा असा मोह होतो. थांबा. ती त्यांच्या घरातली कुरकुर आहे. काल आलेल्या सुनेने सासरच्या गळक्या नळावर बोलावं तसं ते लागतं. आपल्या जागेवर आधी बसणाऱ्या माणसाबद्दलही नाहीच. तो कोणाचा तरी मित्र असतोच.

बोलीचंही तसंच. खान्देशी म्हणजे अहिराणी, असं धरून यावल-रावेरकडच्या माणसाला गमतीने "तुमनं गाव कोणतं शे?" विचारलं, तर तो हसेल, पण मनात म्हणेल की याला एवढंही माहीत नाही. तिकडच्या बऱ्याच घरांत लेवा गणबोली चालते. फैजपूरची मुलगी धुळ्यात नेमकी उलट्या बाजूला आहे. शिपाई नाना अहिराणीत बोलले, तर तिने नक्कल करत उत्तर द्यायला जाऊ नये. "नाना, मला समजतं सगळं, बोलता तेवढं येत नाही, शिकवाल का?" हे खरं आहे आणि त्यात गंमतही आहे, कारण आता नाना गुरुजी झाले. नक्कल कितीही प्रेमाने केली तरी ऐकणाऱ्याला आपलीच टर उडवल्यासारखी वाटू शकते. घरी अहिराणी बोलणाऱ्याने मात्र बिनधास्त बोलावं.

इथेही खूण हसणं नव्हे. लोक नव्या माणसाला भीडेखातर हसून घेतात. कोणी उलट तुमचीच फिरकी घेतली, तर जमलं. दुपारी डबे उघडल्यावर कोणी शेवभाजीची वाटी पुढे सरकवून म्हणालं, "फैजपूरवाल्या मॅडम, तिखट झेपेल ना?", तर सकाळचं वाक्य लागू पडलं. त्यावर ठसका लागला, तरी वाटी परत करू नये.