दोन वर्तुळांतून एक टोकदार कमान

पॉवरपॉइंटमधल्या तयार आकारांत बाण आहेत, ढग आहेत, हसरा चेहराही आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा मात्र नाही. पुण्यातल्या वारसा फेरीसाठी स्लाइड बनवणाऱ्याला मग इंटरनेटवर एखादा परका किल्ला शोधावा लागतो, आणि तो हमखास युरोपातला निघतो. खरं तर हा दरवाजा पॉवरपॉइंटमध्येच दहाएक मिनिटांत काढता येतो. त्यासाठी चित्रकला यायची गरज नाही. नववीच्या गणितातला संयोग आणि छेद आठवत असला की पुरे.

दोन किंवा अधिक आकार निवडले की `Shape Format` या टॅबवर `Merge Shapes` हा पर्याय उजळतो. त्यातल्या युनियनने दोन्ही आकारांची मिळून एकच बाह्यरेषा होते. इंटरसेक्टमुळे दोघांत सामाईक असलेला तुकडा तेवढा राहतो आणि सबट्रॅक्टमुळे पहिल्यातून दुसरा कापला जातो. आयरिश विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ सालच्या ग्रंथात ‘किंवा’, ‘आणि’, ‘नाही’ यांचं बीजगणित पूर्ण रूपात मांडलं होतं. इथे ते कागदावरच्या बिंदूंना लागू होतं. हा बिंदू पहिल्या आकारात आहे का, दुसऱ्यात आहे का, एवढ्या दोनच प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठेवायचा की टाकायचा हे ठरतं.

आता दरवाजा. त्याची कमान अर्धगोल नाही, वर टोक निघालेली आहे, आणि असं टोक तयार आकारांत मिळत नाही. पण दोन सारखी वर्तुळं एकमेकांत सरकवली, तर त्यांच्या सामाईक भागाला वर आणि खाली टोक येतंच. तेव्हा ६ सेंमी व्यासाची दोन वर्तुळं काढा. उंची आणि रुंदीचे आकडे हातानेच भरा, माउसने ओढून वर्तुळाचं लंबवर्तुळ कधी झालं ते कळत नाही. दोन्ही एका आडव्या ओळीत ठेवा आणि दुसरं बरोबर ३ सेंमी उजवीकडे न्या. दोन्ही निवडून इंटरसेक्ट केलं की ३ सेंमी रुंद आणि सुमारे ५.२ सेंमी उंच असा भिंगाच्या आकाराचा तुकडा उरतो. उंचीचा हा आकडा त्रिज्येला तीनच्या वर्गमुळाने गुणून येतो. भिंगाचा वरचा अर्धा भाग, म्हणजे २.६ सेंमी, ही आपली कमान. वर्तुळं आणखी जवळ आणली तर कमान रुंद आणि बसकी होते, लांब नेली तर अरुंद आणि जास्त टोकदार. टोक किती हवं ते केवळ या एका अंतरावर ठरतं.

कमानीखाली उभा भाग हवा. त्यासाठी ३ सेंमी रुंद आणि ३ सेंमी उंच चौकोन घ्या. त्याची वरची कड भिंगाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ते सर्वांत रुंद असतं तिथे आणा, आणि युनियन करा. भिंगाचा खालचा अर्धा भाग चौकोनात बुडून जातो. आता वेगळी भिंत काढा, १० सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच. दोन्ही बाजूंना बुरुजांसाठी भिंतीपेक्षा थोडे उंच चौकोन लावा. ते भिंतीला नुसते चिकटवू नका, मिलिमीटरभर आत घुसवा, मग भिंतीशी युनियन करा.

कापताना क्रमाला फार महत्त्व आहे. सबट्रॅक्टमध्ये जो आकार आधी निवडला तो राहतो आणि नंतर निवडलेला त्याला कापतो. आधी भिंतीवर क्लिक, मग `Ctrl` दाबून दरवाज्यावर. उलटं केलंत तर भिंतच गायब होईल आणि दरवाज्याचा एखादा तुकडा उरेल. युनियनमध्ये क्रमाने आकार बदलत नाही, पण रंग पहिल्याचाच लागतो. म्हणून माउसने चौकट ओढून सगळं एकदम निवडू नये. एकेक क्लिक करणं थोडं कंटाळवाणं असलं तरी काय होणार ते आपल्या हातात राहतं.

कापायचा आकार भिंतीच्या तळाच्या खाली थोडा जाऊ द्या. आपल्या मापांत चौकोनाची वरची कड भिंतीच्या तळापासून २ सेंमी उंचीवर ठेवली, तर खाली १ सेंमी बाहेर राहतो, ते योग्यच आहे. दोन कडा तंतोतंत जुळवल्या की गोंधळ होतो. पॉवरपॉइंट लांबी पूर्ण आकड्यांत साठवतं, एका सेंटिमीटरचे ३,६०,००० भाग करून. वक्रावरचे छेदबिंदू या आकड्यांत अचूक बसत नाहीत, त्यांची पूर्णांकात तडजोड होते. मग जिथे कडा एकच असायला हवी तिथे केसासारखी रेघ उरते किंवा कमानीच्या खांद्यावर लहानशी खाच दिसते. स्लाइडवर ती जाणवत नाही, प्रोजेक्टरवर मात्र लगेच दिसते. ४०० टक्के झूम करून पाहा, किंवा `Edit Points` उघडा. दोन बिंदू जवळपास एकावर एक बसलेले दिसले, तर त्यातला एक काढून टाका.

आणखी एक अडचण आहे. जोडणी आणि काटछाट आकाराच्या गणिती कडेवर होते, तिच्यावर दिलेल्या रेषेच्या जाडीवर नाही. जाड बॉर्डर असलेला दरवाजा दिसतो त्यापेक्षा लहान भोक पाडतो. म्हणून बॉर्डर आधीच काढून टाकावी. आणि पर्याय उजळलाच नाही, तर निवडलेल्या आकारांत एखादा ग्रुप आहे का ते बघावं. आधी तो सोडवावा लागतो.

अक्षरांवरही हेच चालतं. पूर्ण स्लाइडभर गडद पाटी काढा, तिच्यावर जाड फाँटमध्ये ‘पुणे’ लिहा. पाटी निवडा, मग अक्षरं, आणि सबट्रॅक्ट. अक्षरांच्या जागी खिडक्या पडतात आणि मागे ठेवलेला मुठेचा फोटो त्यांतून दिसतो. ‘प’ आणि ‘ण’च्या पोटातला भाग शिरोरेघेने बंद झालेला असतो, म्हणून तो सगळीकडून सुटलेला असूनही जागेवर राहतो. पत्र्याच्या स्टेन्सिलमध्ये तो खाली पडला असता. इथे एकाच आकारात अनेक बंद रेषा असू शकतात आणि त्या एकमेकींना टेकलेल्या असायला हव्यात असं बंधन नाही. फोटो हलवायचा किंवा मागे व्हिडिओ चालवायचा असेल, तर ही खिडकीची पद्धतच बरी. फोटोचीच अक्षरं करून हवी असतील, तर आधी फोटो, मग अक्षरं निवडून इंटरसेक्ट करा, बाकीचा फोटो उडून जातो.

माझ्या मते देवनागरीसाठी याचा खरा फायदा वेगळाच आहे. अक्षरं आकार झाल्यावर फाँटची गरज उरत नाही. सभागृहातल्या संगणकावर आपला फाँट नसला तरी मात्रा जागा सोडत नाहीत. त्याची किंमत म्हणजे मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर चुकलेलंच राहील, आणि पुण्यात ते कोणीतरी दाखवतंच. शोधातही तो शब्द सापडणार नाही, स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअरही तो वाचणार नाही. आकाराला पर्यायी मजकूर द्यावा, आणि कापण्यापूर्वी मूळ अक्षरांची, भिंतीची आणि भिंगाची एकेक प्रत `Ctrl+D` करून एका लपवलेल्या स्लाइडवर ठेवावी. फाइल एकदा बंद केली की `Ctrl+Z` मागे नेत नाही.