परदेशात फोन हरवला तर: निघण्याआधी करून ठेवायची तयारी

तुमची तिकिटं आणि हॉटेलचे कागद देताना हे पत्रकही आम्ही सोबत ठेवतो. निघण्याच्या निदान आठवडाभर आधी ते वाचा. यातली कामं विमानतळावरच्या रांगेत उभं राहून होणारी नाहीत.

आमच्यामार्फत गेलेल्या एका ताईंचा फोन गर्दीच्या रेल्वे स्थानकावर पर्समधून गेला. पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात सुखरूप होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीचं तिकीट मेलमध्ये होतं आणि मेलचा पासवर्ड त्यांना तोंडपाठ होता, त्यामुळे सुरुवातीला त्या फारशा घाबरल्या नाहीत. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलानं आपला संगणक त्यांना दिला. पासवर्ड टाकल्यावर पडद्यावर आलं की तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे ‘हो’ दाबा. दुसरा मार्ग निवडला, तर एसएमएसचा कोड मागितला, आणि ते सिमही त्याच फोनमध्ये. बँकेच्या साइटवरही हेच झालं. घरी फोन करावा, तर यजमानांचा नंबर पाठ नाही. शेवटी बॅगेला लावलेल्या आमच्या चिठ्ठीवरचा नंबर त्यांना दिसला आणि आम्ही तिकीट हॉटेलच्या मेलवर पाठवलं. कार्ड मात्र फोनच्या कव्हरच्या कप्प्यात होतं, तेही फोनबरोबर गेलं.

तिकीट, पैसे आणि ओळख या तिन्हींच्या किल्ल्या एकाच फोनमध्ये होत्या, म्हणून एवढं अडलं. त्यातली सर्वांत महत्त्वाची किल्ली मेलची. मेल उघडला की तिकीट, व्हिसा, विम्याचे कागद सगळं हाती येतं.

मेल उघडण्याची दुसरी वाट

गुगलचं खातं असेल तर त्याच्या सुरक्षा विभागात, दोन टप्प्यांच्या पडताळणीखाली, ‘बॅकअप कोड’ मिळतात. आठ-आठ अंकांचे दहा कोड असतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोनवरच्या सूचनेऐवजी यातला एक टाकला की खातं उघडतं. ते कागदावर उतरवून घ्या. फोनमध्ये त्यांचा फोटो ठेवून काहीच उपयोग नाही. पुढे कधी नवे कोड काढले, तर जुने सगळे रद्द होतात. बरेच जण इथे चुकतात: पाकिटात दोन वर्षांपूर्वीचा कागद असतो आणि त्यातला एकही कोड चालत नाही.

अ‍ॅपलच्या खात्यात आणखी एक विश्वासू फोन नंबर जोडता येतो. तो घरी राहणाऱ्या माणसाचा असू द्या. कोड त्यांच्याकडे येईल आणि ते तुम्हाला फोनवर वाचून दाखवतील. त्यासाठी त्यांचा नंबर तुमच्याजवळ कागदावर हवा, आणि वेळेच्या फरकामुळे तुमचा फोन रात्री दोनला आला तरी उचलायचा, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.

कोडच्या कागदावर पासवर्ड लिहू नका. नुसते कोड चोराच्या हाती पडले, तर त्याला फार काही करता येत नाही. दोन्ही एकत्र मिळाले, तर खातंच त्याचं होतं.

पैसे

सोबत दोन कार्डं घ्या आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये एकही नको. फोन टेकवून पैसे द्यायची सवय झालेल्यांना कार्डाचा पिन आठवत नाही, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून निघण्याआधी दोन्ही कार्डांनी एटीएममधून एकेकदा पैसे काढून पाहा, आणि परदेशातला वापर चालू आहे ना, हे बँकेकडून खात्रीनं विचारून घ्या. ऑनलाइन व्यवहाराला फोनवरचा कोड लागतो. एटीएमवर कार्ड आणि पिन पुरतो, म्हणून फोन नसताना एटीएम हाच खरा आधार.

फोन गेल्यावर बँकेशी बोलताना शब्द जपून वापरा. अ‍ॅपल पे, गुगल पे यांसारख्या वॉलेटमध्ये कार्ड जोडलं की फोनसाठी वेगळा क्रमांक तयार होतो. त्यामुळे हातातलं कार्ड चालू ठेवून फक्त फोनमधलं बंद करता येतं. ‘सगळं बंद करा’ म्हणालात, तर खिशात शाबूत असलेलं कार्डही तुम्हीच निकामी केलेलं असेल.

ओळख आणि तिकिटं

पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि व्हिसाची छापील प्रत मूळ पासपोर्टपासून वेगळी ठेवा. या प्रतीवर प्रवास होत नाही. पण पोलिसांत तक्रार देताना, किंवा पासपोर्टच हरवला तर आपल्या दूतावासात, पासपोर्ट क्रमांक हाताशी असला की काम लवकर उरकतं. विमानाच्या आरक्षणाचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक कागदावर असेल, तर पासपोर्ट दाखवून काउंटरवर बोर्डिंग पास मिळतो. काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात. रेल्वे, बस आणि संग्रहालयांची तिकिटं नुसत्या क्यूआर कोडची असतात, ती नक्की छापून घ्या. आम्ही सगळ्याचा एक छापील संच देतो, तो चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

एका संध्याकाळची चाचणी

फोन बंद करून घरच्या कुणाकडे द्या. दुसऱ्याच्या संगणकावर खासगी विंडो उघडा आणि फक्त पाकिटातल्या कागदाच्या आधारानं मेल उघडून तिकीट छापून दाखवा. अडलात, तर कुठे अडलात ते तिथेच कळेल. वापरलेल्या कोडवर काट मारा.

त्याच संध्याकाळी `*#06#` डायल करून फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक उतरवून घ्या, तक्रारीत तो लागतो. लॉक पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा, नाहीतर लॉक असलेल्या फोनवरही चोराला कोड वाचता येतात. सिमला पिन लावला, तर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून कोड मिळवता येत नाहीत. मात्र मूळ पिन कंपनीकडून आधी विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम अडकतं.

फोन गेलाच तर

आधी फोन कुलूपबंद करा, बँक त्यानंतर. आयफोन असेल, तर कोणत्याही संगणकावर `iCloud.com/find` उघडा. इथे पासवर्ड पुरतो, दुसरा कोड लागत नाही. अँड्रॉइडवर `android.com/lock` ला फोन नंबर टाकून पडदा लॉक करता येतो. पण ही सोय फोनच्या चोरी-संरक्षण सेटिंगमध्ये आधीच चालू केलेली हवी आणि त्या वेळी फोन इंटरनेटला जोडलेला हवा. नंतर सिम बंद करायला सांगा आणि पोलिसांकडून तक्रारीची प्रत घ्या. विम्याची भरपाई मागताना ती लागते.

हरवलेला आयफोन आपल्या खात्यातून काढून टाकू नका. तो खात्यात असेपर्यंत चोराला नव्यानं सुरू करता येत नाही. म्हणूनच काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा’ असा संदेश घरच्या नंबरवर येतो. ती लिंक उघडू नका, आणि घरच्यांनाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा.