फोनमधला 85 डेसिबलचा आकडा मुळात कारखान्यातला आहे

आमचा भाचा रोज वडोदरा–अहमदाबाद अपडाऊन करतो, पास काढलाय, जाऊन-येऊन चारेक तास गाडीत, आणि कानात इयरफोन. परवा म्हणाला, "मामा, हा फोन मला दर आठवड्याला ओरडतो, आवाज कमी करा म्हणून, याला कोणी सांगितलं माझे कान कसे आहेत ते?" प्रश्न बरोबर आहे, कारण फोनला त्याचे कान माहीतच नाहीत. फोनला माहीत आहे तो एक हिशोब, आणि तो हिशोब इयरफोनवाल्यांनी केलेला नाहीच, तो मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या कामगारांसाठी केलेला होता.

1972 मध्ये अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेने सांगितलं की कामगाराने 8 तासांच्या पाळीत सरासरी 85 डेसिबलच्या वर राहू नये. तिथल्या कायद्यात मात्र 90 होता, आणि आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांतसुद्धा 8 तासांना 90 असाच आकडा चालत आलाय. म्हणजे आपल्या वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला जो नियम लागू होतो, त्याच घराण्यातला आकडा भाच्याच्या खिशात बसलाय. पण 85 म्हणजे "एकदम सेफ" असं नव्हतंच कधी. नायोशने 1998 मध्ये पुन्हा हिशोब मांडला तेव्हा आयुष्यभर 85 मध्ये काम केलं तर साधारण 100 पैकी 8 जणांना त्या आवाजामुळे कमी ऐकू येईल असं निघालं, आणि 90 ला हाच आकडा 25. ही तडजोड होती, कारण कारखाना तर बंद करता येत नाही ना.

त्याच 1998 च्या अहवालात 3 डेसिबलवाला नियम पक्का केला होता, तो नीट समजून घ्या कारण फोनचा सगळा हिशोब त्यावरच चालतो. आवाज 3 डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून त्या आवाजात राहायचा वेळ अर्धा करायचा. आपल्या कानाला मात्र 3 डेसिबल म्हणजे "थोडंसं वाढवलं" एवढंच वाटतं, आणि सगळी गडबड इथेच होते.

आता गाण्यांकडे. वॉकमन आला 1979 ला, आणि पहिली बरीच वर्षं त्याच्या आवाजाला कायद्याची मर्यादा नव्हतीच. फ्रान्सने 1996 मध्ये कायदा केला की खिशातल्या प्लेअरचा आवाज 100 डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि याच कायद्यामुळे 2002 मध्ये तिथल्या दुकानांतून आयपॉड काढावा लागला, मग सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी करून परत आला. युरोपने मापायची पद्धतही ठरवली: 2000 मध्ये सोबत मिळणाऱ्या इयरफोनसकट प्लेअर कसा मोजायचा ते, आणि 2003 मध्ये दोन्ही वेगवेगळे विकले तर काय, ते. खोट्या डोक्याच्या कानात माइक बसवतात, गाण्यासारखाच ठरलेला गोंगाट वाजवतात आणि मोजतात. वेगळ्या विकलेल्या प्लेअरला तर डेसिबल विचारूच शकत नाही, म्हणून त्याला व्होल्टेजची मर्यादा लावली, 150 मिलिव्होल्ट, की ठरलेल्या इयरफोनमध्ये ते 100 च्या आसपास जाईल.

2008 मध्ये युरोपियन कमिशनच्या शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ मोठ्या आवाजात, असं निदान 5 वर्षं ऐकणाऱ्यांपैकी 5 ते 10 टक्क्यांना कायमचं नुकसान होऊ शकतं. त्यानंतर जो नियम झाला तो 2013 पासून लागू झाला आणि तोच आपल्याला वॉर्निंगच्या रूपात दिसतो: फोन आपसूक 85 ला थांबतो, पुढे जायचं तर "ओके" दाबा, आणि 20 तास ऐकून झालं की तो परत विचारतो. फोन भारतात विकला तरी बऱ्याचदा तेच सॉफ्टवेअर येतं, म्हणून इथेही दिसतो.

ही पद्धत ढोबळ होती हो. ती गाणं बघतच नव्हती, फक्त व्हॉल्यूमची पट्टी बघत होती. म्हणजे हळू रेकॉर्ड केलेला आलाप नीट ऐकू यावा म्हणून पट्टी वर नेली तरी वॉर्निंग, आणि चेपून मोठं केलेलं गरब्याचं गाणं त्याच्या एक खूण खाली वाजवलं तर काहीच नाही, जरी प्रत्यक्षात गरबाच जोरात असला तरी. आमच्या एका शेजाऱ्यांना तर गाडीत ऑक्स केबल लावली की ऐन हायवेवर आवाज दबायचा आणि वॉर्निंग यायची, कारण फोनच्या हिशोबाने त्या पिनला हेडफोनच लावलाय, पलीकडे कारचा स्टीरिओ आहे हे त्याला कोण सांगणार.

म्हणून पुढचं पाऊल डोसचं, म्हणजे कानात एकूण किती आवाज गेला त्याच्या हिशोबाचं. 2017 मध्ये युरोपच्या मानकात आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानकात असं ठरलं की प्रत्यक्ष वाजणारा सिग्नल मोजत राहायचा आणि 7 दिवसांची बेरीज ठेवायची. मोठ्यांसाठी 80 डेसिबल, 40 तास म्हणजे आठवड्याचा कोटा 100 टक्के. हे 40 तास कुठून आले? 8 तास, 5 दिवस, तीच पाळी. लहान मुलांसाठी 40 तासांना 75. आयफोनमध्ये आणि अँड्रॉइड 14 पासून पुढे हाच हिशोब आलाय.

आता भाच्याचं गणित करू. गाडीच्या खडखडाटात त्याचं गाणं 89 च्या आसपास जातं असं धरू. 80 ला 40 तास, 83 ला 20, 86 ला 10, 89 ला 5. तो आठवड्याला 4 गुणिले 5 म्हणजे 20 तास ऐकतो, म्हणजे 400 टक्के, बुधवार उजाडायच्या आत कोटा संपलेला, मग फोन ओरडणारच. हेच 80 वर आणलं तर 20 तासांचे 50 टक्केच होतात. पण नुसतं "कमी कर" म्हणून होत नाही, गाडीत ऐकूच येत नाही मग. त्याने केलं ते असं की घरी शांत खोलीत आरामात ऐकू येईल तिथे पट्टी लावली, आणि गाडीत ती न वाढवता कानात घट्ट बसणारे रबरी टोपीवाले इयरफोन घेतले, बाहेरचा आवाज अडला की गाणं वर न्यावंच लागत नाही. पट्टी अर्ध्यावर म्हणजे किती डेसिबल हे प्रत्येक इयरफोनला वेगळं, म्हणून टक्क्यांवर जाऊ नका. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमध्ये Hearing जोडून घ्या आणि गाणं चालू असताना तिथलं कानाचं चिन्ह बघा, तिथे चालू पातळी दिसते, आणि वर जाऊच द्यायचं नसेल तर Settings > Sounds & Haptics > Headphone Safety मध्ये Reduce Loud Audio, जुन्या आयफोनमध्ये Reduce Loud Sounds, चालू करून 75 ते 100 च्या मध्ये मर्यादा लावता येते.

एक मात्र लक्षात ठेवा, हा आकडा अंदाज असतो. फोनला स्वतःच्या कंपनीचे इयरफोन ओळखता येतात, बाकीच्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला ते किती जोरात वाजतात ते, माहीत नसते, तो ठराविक आकडा धरून चालतो. काही ब्लूटूथ हेडफोनची स्वतःची वेगळी व्हॉल्यूम असते, ती पूर्ण वर केली तर फोनला कळतही नाही. पडद्यावर आकडा खालीच आणि कानात दणका असेल तर हेच समजा. उलट, कार किंवा स्पीकर ब्लूटूथवर "हेडफोन" म्हणून नोंदला गेला असेल तर तुम्ही घरभर गाणी लावली तरी सगळा डोस तुमच्या खात्यात चढतो, तेव्हा ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या डिव्हाइसचा प्रकार बदलून टाका, दोन टॅपचं काम आहे.