मोदकांचे व्ह्यूज ऑगस्टचे की भाद्रपदाचे?

‘गेल्या ऑगस्टच्या मानाने या ऑगस्टला व्ह्यूज चांगलेच पडले, अल्गोरिदमने चॅनेल दाबलं,’ ही तक्रार २०२६च्या ऑगस्टअखेरीस अनेक मराठी पाककृतीवाल्यांच्या तोंडी असेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्यासाठी अल्गोरिदमच्या पोटात शिरायची गरज नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे. २०२५मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. उकडीचे मोदक शोधणारी मंडळी चतुर्थीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत येतात. गेल्या वर्षी ती ऑगस्टमध्ये आली, यंदा सप्टेंबरमध्ये येतील.

पण ‘व्ह्यूज पडतील’ म्हणणं सोपं आहे. किती पडतील, हे चॅनेलच्या जुन्या आकड्यांवरून, कागद-पेन्सिलीने सांगता येतं का? बऱ्यापैकी येतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: चल सरासरी आणि हंगामी निर्देशांक. उदाहरणादाखल एक काल्पनिक चॅनेल घेऊ. आकडे मी हिशोब सुटसुटीत व्हावा म्हणून बेतलेले आहेत, तारखा मात्र पंचांगातल्या खऱ्या आहेत.

सुरुवातीलाच एक साफसफाई. महिन्याचे एकूण व्ह्यूज घेऊ नका, दिवसाची सरासरी घ्या. फेब्रुवारीत २८ दिवस आणि मार्चमध्ये ३१, म्हणजे काहीही न घडता मार्च सुमारे दहा टक्क्यांनी फुगलेला दिसतो. शिवाय शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ वेगळे मोजा. ३१ मार्च २०२५पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. तेव्हापासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी व्ह्यू धरला जातो. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका माळेत ओवता येत नाहीत. पुढचा सगळा हिशोब मोठ्या व्हिडिओंचा आहे.

आता मुख्य यंत्र. आपल्या चॅनेलचे दिवसाचे सरासरी व्ह्यूज असे आहेत: फेब्रुवारी २०२५मध्ये ८००, मार्च ८२०, एप्रिल ९००, मे ९४०, जून ७८०, जुलै ८४०, ऑगस्ट १५६०, सप्टेंबर ११००, ऑक्टोबर १८००, नोव्हेंबर ९००, डिसेंबर ९२०, जानेवारी २०२६मध्ये १०४० आणि फेब्रुवारीत ९६०. एप्रिल-मे वाळवणाचे, ऑगस्ट-सप्टेंबर गणपती-गौरींचे, ऑक्टोबर फराळाचा, जानेवारी तिळगुळाचा. आता या चढउतारांखाली चॅनेल वाढतंय की आटतंय, हे कसं ओळखायचं?

युक्ती अशी की सलग बारा महिन्यांची सरासरी घेतली, तर तीत प्रत्येक महिना एकदाच येतो. एक गणपती, एक दिवाळी, एक संक्रांत. ही बारा महिन्यांची खिडकी एकेक महिना पुढे सरकवत न्यायची, हीच चल सरासरी; एक ऑगस्ट बाहेर पडतो आणि दुसरा ऑगस्ट आत येतो. सण सरासरीत बहुतेक वेळा हजर असतो, म्हणून त्याचा झोका फारसा उरत नाही. जी हालचाल उरते ती चॅनेलची स्वतःची. दहा महिन्यांची किंवा सहा महिन्यांची सरासरी हे काम करत नाही, कारण तिच्यात दिवाळी कधी असते, कधी नसते.

यात एक गंमत आहे आणि ती मला फार आवडते. बारा ही सम संख्या. बारा महिन्यांच्या खिडकीला मधला महिना नसतोच, तिचा मध्य दोन महिन्यांच्या सीमेवर पडतो. मला तर ऑगस्टच्या नेमकं मध्यभागी बसणारी सरासरी हवी. मग तेरा महिने घ्यायचे, पण टोकाचे दोन अर्धे-अर्धे मोजायचे. फेब्रुवारी २०२५ अर्धा आणि फेब्रुवारी २०२६ अर्धा, मिळून एक फेब्रुवारी. मधले अकरा पूर्ण. वजनांची बेरीज पुन्हा बारा, प्रत्येक महिन्याला समान न्याय, आणि ऑगस्ट बरोबर मधोमध. आकडे स्प्रेडशीटमध्ये B2पासून B14पर्यंत भरले असतील तर सूत्र इतकंच:

```
=(B2/2+SUM(B3:B13)+B14/2)/12
```

करून पाहू. दोन फेब्रुवारींचे अर्धे मिळून ८८०, मधल्या अकरा महिन्यांची बेरीज ११,६००, एकूण १२,४८०. भागिले बारा, १०४०. म्हणजे ऑगस्ट २०२५मध्ये चॅनेलची मूळ पातळी दिवसाला १०४० व्ह्यूजची होती आणि प्रत्यक्षात आले १५६०. भागाकार १.५. हा त्या ऑगस्टचा हंगामी निर्देशांक: वर्षभराच्या सरासरी पातळीच्या दीडपट.

पातळीने भागायची ही पद्धत चांगली शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉले यांनी ती अर्थव्यवहारांच्या आकड्यांसाठी वापरली, आणि १९६५मध्ये तिथल्या जनगणना विभागाने जी एक्स-११ नावाची संगणकीय पद्धत आणली तिच्या मुळाशीही हीच केंद्रित चल सरासरी आहे.

याच रीतीने आपल्या चॅनेलचा ऑगस्ट २०२४चा निर्देशांक १.१ आणि २०२३चा ०.९ निघाला असं धरा. पाठ्यपुस्तक सांगतं, तिघांची सरासरी घ्या: १.१७. इथेच पाठ्यपुस्तक आपल्याला फसवतं. ते ख्रिसमसच्या देशात लिहिलं गेलं आहे, जिथे मोठा सण दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. आपला सण तिथीने येतो, महिने मात्र आपण इंग्रजी मोजतो. हे तीन निर्देशांक एकाच गोष्टीची तीन मापं नव्हेत, त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट संपल्यानंतर किती दिवसांनी चतुर्थी आली ते पाहा. २०२४मध्ये सात दिवसांनी, ७ सप्टेंबरला. २०२३मध्ये १९ दिवसांनी. २०२५मध्ये तर ऑगस्ट संपायच्या चार दिवस आधीच. चतुर्थी जितकी दूर, तितका ऑगस्ट कोरडा. २०२६चं अंतर १४ दिवस, म्हणजे २०२४ आणि २०२३च्या मध्ये कुठेतरी. सात दिवसांना १.१ आणि १९ दिवसांना ०.९, तर सरळ त्रैराशिकाने १४ दिवसांना साधारण ०.९८. गेल्या वर्षी दीडपट असलेला ऑगस्ट यंदा जेमतेम पातळीवर येतो, आणि चॅनेलने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

आता पातळी हवी. समजा आज ३१ जुलै २०२६ आहे. केंद्रित सरासरीची गोची अशी की तिला मागचे सहा आणि पुढचेही सहा महिने लागतात, म्हणजे ती जानेवारीपाशी येऊन थांबते. पुढचं चित्र अजून घडायचंय. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांचे व्ह्यूज घेऊन प्रत्येकाला त्याच्या, मागच्या वर्षांवरून वरच्याच रीतीने काढलेल्या, निर्देशांकाने भागायचं. मे: १०८० भागिले ०.९, म्हणजे १२००. जून: ९३० भागिले ०.७५, म्हणजे १२४०. जुलै: ९२८ भागिले ०.८, म्हणजे ११६०. सरासरी १२००.

जून जरा वर का? २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, आणि अधिक महिना म्हटला की जावयाला अनारसे. अनारशाच्या जुन्या व्हिडिओचे व्ह्यूज वेगळे काढून पाहिले की त्याचा वाटा कळतो. तो फार मोठा असेल तर सरासरीऐवजी तीन आकड्यांतला मधला घ्यावा, इथे तोही १२००च आहे.

अंदाज: १२०० गुणिले ०.९८, दिवसाला ११७६, ३१ दिवसांचे साधारण साडेछत्तीस हजार. १.१७ धरला असता तर साडेत्रेचाळीस हजार आले असते. निर्देशांक न लावता मे-जून-जुलैची नुसती सरासरी पुढे ढकलली असती, तर जेमतेम तीस हजार, कारण ते तिन्ही महिने मुळातच मंद आहेत.

या हिशोबात एक गृहीत दडलेलं आहे: अपलोडचा वेग आहे तसाच राहील. महिन्याला चार व्हिडिओ टाकणाऱ्याने अचानक दहा टाकले तर जुने आणि नवे व्हिडिओ वेगळे करावे लागतात. हंगामी निर्देशांक जुन्यांना लावायचा. नव्यांसाठी मागच्या अपलोडना पहिल्या महिनाभरात सरासरी किती व्ह्यूज आले ते काढून अपलोडच्या संख्येने गुणायचं. एखादा व्हिडिओ अफाट चालला असेल तर त्याला सरासरीतून वगळावं. नाहीतर तो बारा महिने खिडकीत बसून पातळी उचलून धरतो, आणि तेराव्या महिन्यात बाहेर पडला की काहीच न घडता पातळी कोसळल्यासारखी दिसते.

चल सरासरीच्या आलेखात लाटा दिसल्या की लोक कारणं शोधू लागतात. गुरुवारी अपलोड केलं की चालतं, अमुक मुहूर्तावर टाकलं की पळतं, तीन महिने बरे जातात आणि मग चॅनेलला दृष्ट लागते. १९२७मध्ये मॉस्कोत संख्याशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी सरकारी लॉटरीच्या सोडतीतले आकडे घेतले, ज्यांच्यात कसलाच क्रम असू शकत नाही, आणि त्यांच्यावर चल बेरीज फिरवली. त्यातून निघालेली वक्ररेषा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या तेजी-मंदीच्या आलेखाशी मिळतीजुळती दिसली. शेजारशेजारच्या खिडक्यांत बरेच आकडे सामाईक असतात, म्हणून सरासरी स्वतःच लाटा पैदा करते. त्या लाटांसाठी लिंबू-मिरची बांधायची गरज नाही.

आपल्या अंदाजावर तरी किती भरवसा ठेवायचा? मागे जाऊन परीक्षा घ्यावी. ऑगस्ट २०२५ झाकून ठेवा आणि फक्त २०२३ व २०२४वरून त्याचा निर्देशांक काढा. तेच त्रैराशिक उणे चार दिवसांपर्यंत ताणलं की साधारण १.२८ येतो. प्रत्यक्ष होता १.५. चूक १५ टक्क्यांच्या आसपास, आणि तीही एकाच दिशेची, कारण सण महिन्यात पूर्ण शिरला की व्ह्यूज सरळ रेषेत वाढत नाहीत, उसळतात. २०२६चं अंतर माहीत असलेल्या दोन वर्षांच्या मध्ये पडतं, म्हणून यंदा चूक कमी असावी. तरीही मी साडेछत्तीस हजार असा ठणठणीत आकडा न सांगता ३१ ते ४२ हजार सांगेन. आणखी दोन-तीन जुने महिने असेच झाकून पाहिले की ही पट्टी किती रुंद ठेवायची ते ठरवता येईल.

सप्टेंबरचा हिशोब उलटा जाईल. २०२५चा सप्टेंबर सुरू झाला तेव्हा गणपती घरात बसलेले होते आणि ६ तारखेला विसर्जनही उरकलं. यंदा मोदकांची सगळी गर्दी १४ तारखेच्या आधी, सप्टेंबरमध्येच होईल. मग दिवाळी: २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. चकलीचे व्ह्यूज ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा यांत वाटले जातील, आणि दोन्ही महिन्यांचे गेल्या वर्षीचे निर्देशांक बिनकामाचे ठरतील.